दिपिकाचे सोमवार

दिपिका मला पहिल्यांदा दिसली ती पाठमोरी. शाळेच्या क्रीडास्पर्धा चालू होत्या, फेब्रुवारीचं कडक ऊन होतं, आणि कबड्डीच्या मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात आठवीतली एक मुलगी गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून उभी होती. इतर मुली घामाघूम होऊन ओढण्या फेकत होत्या. हिचा टॉवेल काही सुटत नव्हता. समोरून चढाई करणारी नववीतली उंच मुलगी आली. दिपिका हलली नाही. त्या मुलीचा पाय वळायला आणि दिपिका खाली वाकायला एकच वेळ आली. घोटा तिच्या दोन्ही पंजांत सापडला तो सुटला नाही. उंच मुलगी आडवी झाली आणि मैदानाभोवतीच्या पोरांनी आरडाओरडा केला. दिपिका उठली आणि सगळ्यांत आधी तिने टॉवेल नीट केला.

पुढच्या वर्षी ती माझ्या वर्गात आली. मराठीत बरी, गणितात जेमतेम, पण बोललेलं नेमकं लक्षात ठेवणारी. तिचं गाव विमानतळात गेलेलं. उलव्याकडे मिळालेल्या भूखंडावर बापाने, हरेशने, घर बांधलं होतं आणि खडी-वाळूच्या गाड्या लावल्या होत्या. आई भामा पूर्वी शेतावर आणि मिठागरावर राबलेली. आता राबायला काही उरलं नव्हतं, म्हणून सारा जीव पोरीत. पालकसभेला भामा नवीकोरी साडी नेसून यायची आणि मागच्या बाकावर बसून विचारायची, "बाई, पोर मस्ती तं करत नाय ना?"

मी निवृत्त झाले तेव्हा दिपिका अकरावीत होती. खांदा कॉलनीतलं माझं घर तिच्या कॉलेजच्या वाटेवर. कधी निबंध दाखवायला, कधी नुसतंच पाणी प्यायला ती यायची. तेव्हा ती उलव्याच्या मंडळाकडून खेळत होती आणि तिचा डावा कोपरा पनवेल-उरणच्या मैदानांवर लोक ओळखायला लागले होते.

तिच्या डोक्यात एकच होतं. वीस वर्षांखालच्या मुलींचा जिल्हा संघ, तिथून राज्याचा संघ, तिथून खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात किंवा रेल्वेत नोकरी. तिच्याच मंडळाची मनिषा अशीच लागली होती, आणि तिच्या लग्नाचा विषय घरात तेव्हापासून कोणी जबरदस्तीने काढत नव्हतं. दिपिकाला ते हवं होतं. पण ज्युनियर मुलींना तेव्हा पासष्ट किलोची मर्यादा होती. काट्यावर त्याच्या वर गेलीस की कितीही चांगली खेळ, बाहेर.

आणि दिपिकाचं वजन सतराव्या वर्षापासून वाढत चाललं होतं.

मंडळाचे प्रशिक्षक सत्यजीत सर माणूस वाईट नव्हे. मुलींना स्वतःच्या गाडीतून सामन्यांना न्यायचे, त्यांच्या बुटांसाठी बिल्डरांकडे खेटे घालायचे. पण दर शनिवारी सरावानंतर मॅटच्या कडेला काटा मांडायचा, एकेकीला उभी करायची आणि आकडा मोठ्याने वाचायचा, ही त्यांची पद्धत. लाजेने पोरी खाणं आवरतात, असं त्यांचं मत.

"दिपिका, एकोणसत्तर! गेल्या शनिवारी साडेअडुसष्ट. काय खाल्लंस, मॅट?"

पोरी हसायच्या. दिपिकाही हसायची.

"सर, मी काय नाय खात."

"हवेने वाढतेस? मग आम्हाला पण सांग, गॅसवरचा खर्च वाचेल."

हे मला तिनेच सांगितलं, हसत हसत, आणि सांगून झाल्यावर पाण्याचा रिकामा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "बाई, खरंच नाय खात हो."

ती खोटं बोलत नव्हती. भामाने देवीला नवस केला होता: पोर राज्यातून खेळूदे, वजन उतरूदे, आणि तिसरी गोष्ट, जी भामा फक्त कुजबुजून बोलायची, पोरीची पाळी सरळ होऊदे. पाळी तीन-तीन, चार-चार महिने यायची नाही. आली की थांबायची नाही. नवसापोटी दिपिकाने सोमवार धरले. मग गुरुवार. मग शनिवारसुद्धा. आठवड्यात तीन दिवस ती धान्याला शिवत नसे. उरलेल्या दिवशी सकाळी फक्त काळा चहा, आणि रात्री सराव करून आली की आईच्या हातची तांदळाची भाकरी. एकीवर थांबायचं ठरवून बसायची आणि भूक अशी उसळायची की तीन जायच्या. मग रडायची.

"माजी पोर तीन दिस अन्नाला शिवत नाय," भामा अभिमानाने सांगायची. "तरी मेलं वजन जात नाय. देवाची काय परीक्षा हाय, काय कळत नाय."

हनुवटीवर केस यायला लागले होते. अलिबागकडच्या एका सामन्यात प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, "ओ दादा, पकड सोडा!" ती दोरा घेऊन स्वतःच केस ओढायची. आणि मानेमागचा तो काळा पट्टा. टॉवेलचं कोडं मला तेव्हा उलगडलं. मानेची कातडी काळसर, जाडसर, मखमलीसारखी झाली होती. भामा तो मळ समजायची. नात्यात कोणाच्या लग्नाची हळद असली की आदल्या रात्री पोरीला मोरीत बसवून वज्रीने मान घासायची. कातडी लाल व्हायची, सोलवटायची, काळेपणा तसाच.

"घासून घासून माजं हात दुखलं," ती मला म्हणाली होती. "न्हायची आळशी हाय, दुसरं काय."

दिपिका समोरच बसली होती. टॉवेल तिने आणखी वर ओढला.

निवड चाचणीला तीनेक महिने उरले होते तेव्हा मी भामाला सुचवलं की पाळीचं डॉक्टरला दाखवायला हवं. तिचा चेहरा उतरला. लग्न न झालेल्या पोरीला बायकांच्या डॉक्टरकडे नेलं तर गावात काय बोलतील? गाव तर उठलं होतं, पण माणसं तीच, एकाच ओळीत भूखंड घेतलेली. शेवटी ठरलं की उलव्यात नको, पनवेलला माझ्यासोबत जायचं, आणि कोणी भेटलं तर बाईंच्या गुडघ्यासाठी आलो म्हणायचं.

डॉक्टर इरा वयाने लहान होत्या, पण घाई नव्हती. रक्ताच्या तपासण्या झाल्या, थायरॉईडचीही, पोटावरून सोनोग्राफी झाली. दुसऱ्या खेपेला आम्ही तिघी त्यांच्यासमोर बसलो.

"याला पीसीओएस म्हणतात," त्या दिपिकाकडे बघून म्हणाल्या. आधी पोरीकडे बघून बोलणारी डॉक्टर मी प्रथमच पाहत होते. "पाळी लांबते, अंगात पुरुषी हार्मोन जरा जास्त होतं, म्हणून हनुवटीवर केस. खूप मुलींना असतं. बारीक मुलींनाही असतं. आणि तुझ्या बाबतीत वजनाचं मूळही त्यातच आहे."

"पण शुगर तं नॉर्मल आली," भामा म्हणाली. रिपोर्ट तिने शेजारच्या पोराकडून वाचून घेतला होता.

"आली. का आली ते सांगते. तुमच्या घरात कमी ऐकू येणारं कोणी आहे?"

भामा फिस्सकन हसली. "आमचा म्हातारा. कानाशी भोंगा लावला पायजे."

"त्यांना जेवायला बोलवायचं तर?"

"वरडायला लागतंय. आख्खी गल्ली ऐकते."

"तसंच आहे. आपण जेवलो की रक्तात साखर येते. ती साखर आत घ्या, असं स्नायूंना सांगायचं काम इन्सुलिनचं. दिपिकाच्या स्नायूंना ते कमी ऐकू येतं. म्हणून शरीर ओरडतं, म्हणजे दुप्पट-तिप्पट इन्सुलिन सोडतं. एवढं ओरडल्यावर म्हातारबाबा ऐकतात, साखर आत जाते. म्हणून साखरेचा रिपोर्ट चांगला. पण बाकीच्या गल्लीचे कान शाबूत आहेत ना? चरबी ऐकते. तिला इन्सुलिन सांगतं: साठव, आहे ते बाहेर काढू नकोस. ते इन्सुलिन दिवसभर चढं राहिलं, तर साठलेलं वापरायला निघणार कसं? आणि बीजकोश ऐकतात. ते पुरुषी हार्मोन जास्त बनवतात, बीज वेळेवर सुटत नाही, पाळी अडते. पोटाभोवती वजन वाढलं की स्नायूंना आणखी कमी ऐकू येतं. मग शरीर आणखी ओरडतं."

दिपिका पुढे सरकून बसली होती. "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते."

"नव्हतीस. दुसऱ्या मुलींपेक्षा तुला वजन उतरवणं अवघड आहे. अशक्य नाही, पण अवघड आहे. हे तुझ्या सरांनाही सांग."

मग डॉक्टरांनी खाण्याचं विचारलं. भामाने मान ताठ केली आणि सगळे वार सांगितले. सोमवारी सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी उकडलेलं रताळं आणि केळी, संध्याकाळी सरावाआधी पुन्हा खिचडी, अंगात जोर यावा म्हणून भरपूर. गुरुवारी तेच. शनिवारी साबुदाण्याऐवजी वरी आणि बटाटा.

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"भामाताई, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. पोटात गेला की पटकन साखर होते. त्याच्यासाठी हिच्या शरीराला सगळ्यात मोठ्याने ओरडावं लागतं. दोन-तीन तासांत ते सगळं उतरतं आणि पुन्हा कडकडून भूक. तीन दिवस हे, आणि बाकीचे दिवस अर्धपोटी. त्यात चरबीबरोबर स्नायूही झिजतात. साखर ओढून घेणारे मुख्य तेच. ते कमी झाले तर काम आणखी बिघडतं."

भामा म्हणाली, "म्हंजे मीच पोरीला…"

"नाही. हे तुमच्यामुळे झालेलं नाही. घराण्यात कोणाला मधुमेह?"

"माजी आय. दोन्ही भणी."

"तर हे तिथून आलंय. तुम्ही दिलात तो साबुदाणा, शाप नाही दिलात." मग डॉक्टर उठल्या, दिपिकाच्या मागे गेल्या आणि परवानगी विचारून तिचे केस बाजूला केले. "हा मळ नाही बरं का. इन्सुलिन जास्त असलं की कातडी अशी होते. मला तर मान बघूनच अंदाज आला होता. घासायचं नाही. आतलं सुधारलं की हळूहळू फिकं होईल."

भामाने आपले दोन्ही हात पदराखाली घेतले. ते हात मी अजून विसरलेले नाही.

डॉक्टरांनी सांगितलेलं सोपं होतं. उपवास बंद. तीन वेळा जेवण, आणि प्रत्येक जेवणात आधी अंडं, मासळी, डाळ किंवा कडधान्य, भाजी. भाकरी एक, शेवटी. जेवल्यावर बसायचं नाही, थोडं चालायचं. पळण्याबरोबर वजनं उचलायची, कारण स्नायू वाढले की त्यांचे कान सुधारतात. झोप. मेटफॉर्मिनची गोळी, आधी छोटी, जेवणानंतर; सुरुवातीला मळमळेल. "ही वजन उतरवायची गोळी नाही," त्या म्हणाल्या. "शरीराला कमी ओरडावं लागेल, एवढंच. आणि सहा महिने धीर धर. चार-पाच किलो गेले तरी पाळीत फरक दिसेल."

"चाचणी तीन महिन्यांत हाय," दिपिका म्हणाली.

डॉक्टरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "ते मला माहीत नव्हतं."

भामाने नवस मोडला. तो तिने कसा मोडला हे तिलाच ठाऊक. देवीपुढे नारळ ठेवून बराच वेळ बसली होती, एवढं दिपिकाने सांगितलं. पहिल्या सोमवारी तिने पोरीच्या ताटात तळलेली मांदेली वाढली आणि स्वतः स्वयंपाकघरात पाठ करून उभी राहिली. आजीने, गुणाबाईने, त्या दिवशी घरात पाणी घेतलं नाही.

पहिला महिना मळमळीत गेला. दुसऱ्यात काहीतरी बदललं. रात्रीची ती वेडी भूक गेली. दुपारी वर्गात डोळे मिटायचे ते थांबलं. ट्रॅक पँटची नाडी आवळावी लागायला लागली. आणि पाळी आणायची वेगळी गोळी न घेता, अचानक, वेळेवर पाळी आली. तिने मला फोन केला आणि नुसतं "बाई, आली" म्हणाली. मी पेढे आणायला निघाले होते. मग आठवलं आणि चणे आणले. दोघी हसलो.

पण काटा फारसा हलला नाही. एकोणसत्तरचे सदुसष्ट झाले आणि तिथे थांबले. कंबर उतरली होती, मांड्या-दंड भरले होते, पकड आधीपेक्षा घट्ट झाली होती. डॉक्टर खूश होत्या. त्यांना हवं होतं ते घडत होतं, त्याच्या वेगाने.

सत्यजीत सर खूश नव्हते. दिपिकाने त्यांना इन्सुलिनचं सगळं सांगितलं होतं, म्हाताऱ्यासकट. त्यांनी ऐकून घेतलं.

"बाळा, ते सगळं बरोबर असेल. पण काट्याला कान नसतात. तो पासष्ट म्हणजे पासष्ट. तुला वयाचं हे शेवटचं वर्ष. माझ्यावर विश्वास आहे ना?"

त्यांच्या जागी त्यांचंही खरं होतं. चाचणीला तीन आठवडे होते.

जेवण बंद झालं. सकाळी काकडी, रात्री ताक. रिकाम्या पोटी गोळी सोसेना म्हणून गोळीही बंद. शेवटचे दोन दिवस पाणीही नाही. अंगावर प्लास्टिक गुंडाळून, वर जाड जॅकेट घालून उलव्याच्या नव्या रस्त्यावर भर दुपारी पळायचं. तोंडातली थुंकीसुद्धा गिळायची नाही. मी त्यांच्या घरी गेले होते. भामा उंबऱ्यात बसलेली.

"सांगा ना बाई, तुमचं ऐकते ती."

मी सांगितलं. दिपिका सुकलेल्या ओठांनी म्हणाली, "बाई, दोनच दिवस. मग डॉक्टर सांगतील ते सगळं करीन. आयुष्यभर करीन. पण नोकरी लागली नाय तर बाबूस जानेवारीत मला बघायला पाहुणे आणणार हाय."

चाचणीच्या सकाळी काट्यावर आकडा आला: चौसष्ट किलो आठशे. सरांनी तिला उचलून धरलं. सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने बाटलीभर पाणी आणि ग्लुकोज घटाघटा घेतलं आणि तासाभरात मॅटवर उतरली.

मी प्रेक्षकांत होते. डावा कोपरा तोच, उभं राहणं तेच. समोरून चढाई आली, पाय वळला, दिपिका वेळेवर वाकली, घोटा पंजात आला. आणि निसटला. बघणाऱ्याला वाटावं की तिने हात उघडला. दुसऱ्यांदा तिने मांडी धरली तर तिच्याच पोटरीत गोळा आला आणि ती खाली बसली. निवड समितीच्या बाई शेजारच्या माणसाला म्हणाल्या, "नाव ऐकलं होतं हिचं. दम नाही पण." तिसऱ्यांदा तिला मैदानात बोलावलं नाही.

परतीला मीही सरांच्या गाडीत होते. पनवेल आलं तेव्हा दिपिका म्हणाली, "सर, घोटा धरला होता मी." सर म्हणाले, "हो गं. धरला होतास."

महिन्याभरात वजन सत्तरच्या पुढे गेलं. उपाशी ठेवलेलं शरीर ते व्याजासकट वसूल करतं, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. पाळी पुन्हा थांबली. चाचणीनंतरच्या शनिवारी काट्यावर उभं राहायला ती गेलीच नाही, आणि सरांनीही बोलावलं नाही. वरच्या गटाला वजनाची मुभा जास्त होती. त्या चाचणीला एकदा जाऊन आली, पण राज्यातून खेळलेल्या मुलींच्या रांगेत तिचं नाव कोणी पुकारलं नाही. जानेवारीत पाहुणे आले. मुलाच्या आईने चहा पिताना भामाला विचारलं, "पोरीला थायरड-बियरड तं नाय ना? अंगाने जरा…" दिपिका ट्रे घेऊन उभी होती. म्हणाली, "थायरॉईड नाय. पीसीओएस हाय. इन्सुलिनचं." पाहुण्यांनी चहा संपवला आणि नंतर कळवतो म्हणाले. कळवलं नाही. हरेश पोरीशी आठवडाभर बोलला नाही. भामा मात्र पहिल्यांदाच मोठ्याने बोलली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं: "खरं बोलली माजी पोर. त्यात काय चुकलं?"

त्यानंतर दिपिका पुन्हा डॉक्टर इरांकडे गेली, या वेळी एकटी. कोणाच्या गुडघ्याचं निमित्त न सांगता.

याला आता तीन वर्षं होतील. गुणाबाई गेल्या. सत्यजीत सर अजून दर शनिवारी काटा मांडतात. आकडा मोठ्याने वाचतात की मनात, मी विचारलेलं नाही. मानेवरचा पट्टा फिकट झाला आहे, गेलेला नाही. पाळी दीड महिन्याने येते. वजन हळू उतरतं, मध्येच थांबतं, एखाद्या लग्नसराईत चढतं. घरातला काटा तिने भंगारात दिला. खेळणं सुटलं. मंडळाचा सामना असला की ती वाट बदलून जाते.

दिपिका आता उलव्यात एका बिल्डरच्या ऑफिसात आहे, गिऱ्हाइकांना फ्लॅट दाखवते. लिफ्ट बसलेली नसते, त्यामुळे दिवसभर जिने चढते. सोमवारी तिच्या डब्यात दोन उकडलेली अंडी असतात; ती भामा सोलून देते.